स्टॉप लॉस लिहिला, पण लागू कधी झाला?

३ जून २०२४, सोमवार. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे शनिवारी संध्याकाळी आले होते आणि बाजार त्या आकड्यांवर स्वार झाला होता. निफ्टी त्या दिवशी ७३३ अंकांनी चढून २३,२६३.९० वर बंद झाला. तोपर्यंतचा तो सर्वांत वरचा बंद भाव होता. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि चित्र पालटले. निर्देशांक साधारण २३,१८० ला उघडला, दिवसभरात २१,२८१ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० वर थांबला. एका दिवसात ५.९३ टक्के घट झाली.

‘भाव गेल्या वीस दिवसांच्या उच्चांकावर बंद झाला की दुसऱ्या दिवशी घ्या’ असा साधा नियम पाळणाऱ्या माणसाला सोमवारी संध्याकाळी खरेदीचा सिग्नल मिळाला असता आणि मंगळवारी सकाळी तो बाजारात शिरला असता. नशीब वाईट म्हणायचे, पण त्याच्याकडे स्टॉप लॉस होता. हाच नियम ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. वाचायला दोन्ही सारख्याच वाटतात. एकीत हा सौदा सुमारे चारशे अंकांच्या तोट्यात संपतो आणि दुसरीत हजारावर अंक जातात. फरक आहे तो एक ओळ कुठे बसवली याचा. स्ट्रॅटेजी लिहिणे आणि तिचा अहवाल वाचणे म्हणजे काय, हे या एका सौद्यावरून जितके कळते तितके पन्नास सूत्रे पाठ करूनही कळत नाही.

पाइन ही ट्रेडिंगव्ह्यू या तक्त्यांच्या संकेतस्थळाची स्वतःची भाषा आहे. तिच्यात प्रामुख्याने दोन प्रकारच्या स्क्रिप्ट लिहिल्या जातात. ‘इंडिकेटर’ फक्त रेषा आणि खुणा काढतो. ‘स्ट्रॅटेजी’ मात्र आदेश देते: घे, वीक, इथे थांब, इतका नफा झाला की बाहेर पड. हे आदेश खऱ्या ब्रोकरकडे जात नाहीत. ट्रेडिंगव्ह्यूच्या आत बसलेला एक नकली ब्रोकर ते घेतो, जुन्या कॅन्डल एकेक करून पुढे सरकवतो आणि कोणता आदेश कोणत्या भावाला पूर्ण झाला असता याचा हिशेब ठेवतो. हा नकली ब्रोकर अत्यंत आज्ञाधारक आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. स्क्रिप्टमध्ये जे लिहिले आहे तेवढेच तो करतो.

उदाहरणाला घेतलेला नियम जुना आणि प्रसिद्ध आहे. ट्रेडिंग शिकवता येते की ती उपजतच असावी लागते, यावर शिकागोचे व्यापारी रिचर्ड डेनिस आणि त्यांचे भागीदार विल्यम एकहार्ट यांचा वाद होता. तो मिटवण्यासाठी १९८३ मध्ये काही नवख्या लोकांना नियम शिकवून पैसे हाती देण्यात आले. ही मंडळी पुढे ‘टर्टल्स’ म्हणून ओळखली गेली. त्यांच्या एका पद्धतीत वीस दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी, दहा दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर, आणि स्टॉप लॉस बाजाराच्या सरासरी दैनंदिन हालचालीच्या दुप्पट अंतरावर, असे नियम होते. ही सरासरी हालचाल आज सगळे एटीआर म्हणून ओळखतात. टर्टल्स नफ्याचे टार्गेट ठेवत नसत. इथे एटीआरच्या चौपट अंतरावर टार्गेट जोडले आहे, कारण चारही नियम एकत्र कसे वागतात ते पाहायचे आहे. शिवाय टर्टल्स दिवसभरात भाव मोडताच शिरत. इथे बंद भावाची वाट पाहिली आहे.

स्क्रिप्टची सुरुवात एका घोषणेने होते. अहवाल कोणत्या गृहीतकांवर उभा राहणार ते इथेच ठरते.

```
//@version=6
strategy("Nifty 20D", overlay=true,
     initial_capital=1000000,
     default_qty_type=strategy.fixed,
     default_qty_value=25,
     commission_type=strategy.commission.percent,
     commission_value=0.03, slippage=20)
```

दहा लाखांचे भांडवल, दर सौद्याला २५ नग, दर बाजूला ०.०३ टक्के खर्च. जून २०२४ मध्ये निफ्टी फ्युचरचा लॉट २५ चा होता, म्हणून तो आकडा. `slippage` मधले २० हे अंक नाहीत, टिक आहेत. टिक म्हणजे भाव हलण्याची सर्वांत लहान पायरी, आणि निफ्टीची टिक ०.०५ ची आहे. म्हणजे २० टिक बरोबर एक अंक. खर्च आणि घसरण या दोन्ही जागा रिकाम्या सोडल्या तर पाइन त्या शून्य धरते आणि अहवाल अर्थातच जास्त देखणा दिसतो.

त्यानंतर नियम येतात.

```
atr = ta.atr(20)
top = ta.highest(high, 20)[1]
bot = ta.lowest(low, 10)[1]

if close > top and strategy.position_size == 0
    sl = close - 2 * atr
    tp = close + 4 * atr
    strategy.entry("L", strategy.long)
    strategy.exit("X", "L", stop=sl, limit=tp)

if close < bot
    strategy.close("L")
```

`top` च्या शेवटी चौकटी कंसात असलेला १ बारका दिसतो, पण त्याच्याशिवाय स्ट्रॅटेजी एकही सौदा करणार नाही. तो ‘कालपर्यंतचा’ उच्चांक मागतो. तो काढला तर वीस दिवसांत आजचा दिवसही धरला जातो, आणि आजचा बंद भाव आजच्याच उच्चांकाच्या वर कधीच जाऊ शकत नाही. अहवाल कोरा आला की बहुतेक नवशिके भांडवल आणि तारखा तपासत बसतात. आधी हा कंस तपासावा.

खरेदीच्या अटीत `strategy.position_size == 0`, म्हणजे ‘हातात काही नसेल तरच’, असे म्हटले आहे. तसे पाहता हातात माल असताना पुन्हा खरेदी होणार नाही याची काळजी पाइन आपणहून घेते. अट आहे ती खालच्या `strategy.exit` साठी. ती नसेल तर चढत्या बाजारात जेव्हा जेव्हा नवा उच्चांक होईल तेव्हा ती ओळ पुन्हा चालेल आणि जुन्या सौद्याचा स्टॉप व टार्गेट दोन्ही नव्या भावाप्रमाणे वर ढकलेल. टार्गेट पुढे पुढे पळत राहील, आणि तक्त्यावर पाहणाऱ्याला चौपट एटीआरला नफा का घेतला नाही हे उमजणार नाही.

आता ४ जूनकडे वळू. इथे वेळापत्रक समजून घेणे महत्त्वाचे आहे. स्ट्रॅटेजी डीफॉल्ट स्थितीत कॅन्डल बंद झाल्यावर एकदाच विचार करते. बाजारभावाने दिलेला आदेश पुढच्या कॅन्डलच्या उघडत्या भावाला पूर्ण होतो. म्हणजे सोमवारी साडेतीनला विचार झाला आणि मंगळवारी सकाळी खरेदी झाली. या आधीचा एखादा सौदा चालू नव्हता असे धरू, आणि सोमवारचा एटीआर हिशेबाच्या सोयीसाठी २५० मानू. वरच्या स्क्रिप्टने सोमवारीच दोन आदेश दिले: एक खरेदीचा, आणि तिच्या जोडीला २३,२६४ वजा ५०० म्हणजे २२,७६४ ला स्टॉप व २४,२६४ ला टार्गेट. खरेदी होईपर्यंत ही जोडी नुसती थांबून राहते. मंगळवारी साधारण २३,१८० ला खरेदी होताच ती जागी होते, आणि भाव २२,७६४ ला आला की सौदा संपतो. तोटा सुमारे ४१६ अंक, पंचवीसच्या लॉटवर १०,४०० रुपये.

दुसरी तऱ्हा अधिक तर्कशुद्ध वाटते, म्हणूनच ती जास्त लोक लिहितात. खरेदी नक्की कोणत्या भावाला झाली ते कळू दे आणि मगच त्यातून स्टॉप मोजू, असा तिचा विचार असतो.

```
if strategy.position_size > 0
    ep = strategy.position_avg_price
    strategy.exit("X", "L",
         stop=ep - 2 * atr, limit=ep + 4 * atr)
```

सोमवारी संध्याकाळी स्क्रिप्ट चालली तेव्हा हातात काहीच नव्हते, म्हणून ही ओळ वगळली गेली. मंगळवारी सकाळी खरेदी झाली, पण स्क्रिप्ट पुन्हा विचार करणार ती थेट मंगळवारी साडेतीनला. तोपर्यंत स्टॉपचा आदेश अस्तित्वातच नाही. निफ्टी दोन हजार अंक खाली जाऊन आला तरी नकली ब्रोकर शांत बसला, कारण त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते. संध्याकाळी आदेश निघाला तेव्हा भाव स्टॉपच्या कितीतरी खाली होता. अशा वेळी स्टॉप पुढच्या कॅन्डलच्या उघडत्या भावाला पूर्ण होतो. ५ जूनला निफ्टी २२,१०० च्या आसपास उघडला. तोटा हजार अंकांच्या वर गेला, म्हणजे लॉटमागे पंचवीस हजारांहून जास्त.

या तऱ्हेत आणखी एक खोट लपलेली आहे. `atr` रोज बदलतो, त्यामुळे स्टॉपही रोज सरकतो, आणि बाजार अंगावर येतो नेमका तेव्हाच तो दूर जातो. ४ जूनच्या एका दिवसाची हालचाल, आदल्या बंद भावापासून नीचांकापर्यंत, १,९८२ अंकांची होती. वीस दिवसांचा एटीआर २५० असेल तर त्या संध्याकाळी तो ३३७ च्या जवळ जातो. स्टॉपचे अंतर ५०० होते, ते आता ६७३ झाले. सौद्यात शिरताना ठरवलेला धोका मधल्यामध्ये वाढवायचा हा नियम कुणी शुद्धीत असताना कागदावर लिहिणार नाही, पण पाइनमध्ये तो नकळत लिहिला जातो. वरच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये `sl` एकदाच मोजला जातो आणि नंतर हलत नाही.

पंधरा मिनिटांच्या तक्त्यावर एक उघडी कॅन्डल म्हणजे पंधरा मिनिटे. रोजच्या तक्त्यावर ती संपूर्ण दिवस असते. आठवड्याच्या तक्त्यावर चूक तीच राहते, पण सौदा पाच दिवस स्टॉपविना पडून राहतो.

टिकांचा घोळही याच ओळीत होतो. `strategy.exit` ला स्टॉप दोन पद्धतींनी सांगता येतो: `stop` मध्ये थेट भाव लिहायचा, किंवा `loss` मध्ये खरेदीपासूनचे अंतर. अंतर सांगण्याची पद्धत मुळात चांगली आहे, कारण ती खऱ्या खरेदीभावापासून मोजते आणि पहिल्या दिवसापासून लागू होते. फक्त ते अंतर टिकांत हवे असते. पाचशे अंक म्हणून `loss=500` लिहिले की निफ्टीवर त्याचे २५ अंक होतात. एवढ्याशा अंतरावरचा स्टॉप रोजच्या तक्त्यावर जवळजवळ दर वेळी पहिल्याच दिवशी लागतो. अहवालात जवळपास सगळे सौदे तोट्यात आणि प्रत्येक तोटा साधारण सारखाच दिसला, तर संशय इथे घ्यावा. `loss = 500 / syminfo.mintick` असे लिहिले की घोळ मिटतो.

स्टॉप आणि टार्गेट दोन्ही एकाच कॅन्डलच्या आत येत असतील तर आधी कोणते लागले? रोजच्या कॅन्डलमध्ये फक्त चार भाव असतात, मधला रस्ता दिसत नाही. नकली ब्रोकर तो अंदाजाने ठरवतो. उघडता भाव उच्चांकाच्या जवळ असेल तर आधी वर, मग खाली. नीचांकाच्या जवळ असेल तर उलटे. ४ जूनला या अंदाजाचा प्रश्न आला नाही, कारण टार्गेटपर्यंत भाव गेलाच नव्हता. पण स्टॉप आणि टार्गेट इतके जवळ ठेवले की दोन्ही एका दिवसाच्या हालचालीत मावतात, तर जिंकणे-हरणे या अंदाजावर ठरू लागते. सौद्यांच्या यादीत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख एकच असलेल्या ओळी मोजाव्यात. त्या पुष्कळ असतील तर अहवालातली टक्केवारी बाजाराने दिलेली नाही, ब्रोकरच्या अंदाजाने दिली आहे. ‘बार मॅग्निफायर’ ही सोय लहान कॅन्डल आणून मधला रस्ता बऱ्याच अंशी दाखवते, पण ती वरच्या सशुल्क योजनेत मिळते. दुसरा उपाय फुकट आहे: अंतरे वाढवा, किंवा लहान कॅन्डलचा तक्ता घ्या.

आता अहवालाकडे वळू. तक्त्याच्या खाली तो उघडतो. बरीच वर्षे त्याला ‘स्ट्रॅटेजी टेस्टर’ म्हणत. पहिल्याच रांगेत निव्वळ नफा मोठ्या अक्षरात असतो, आणि बहुतेकांचे वाचन तिथेच संपते. अनुभवी माणूस उलट्या टोकाने वाचतो. तो आधी सर्वांत मोठा तोटा शोधतो, म्हणजे `Largest losing trade` ची ओळ. नियमानुसार एका सौद्यात जास्तीत जास्त किती जायला हवे, हा आकडा त्याच्याकडे आधीच असतो: दुप्पट एटीआर गुणिले २५. एटीआर २५० असताना हे १२,५०० रुपये होतात. खरेदीचा भाव सिग्नलच्या बंद भावाहून वर उघडला तर त्यात थोडी भर पडते. अहवालात तिथे सव्वीस-सत्तावीस हजार दिसले की प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर दोनच असू शकतात. एक म्हणजे बाजार रात्रीतून स्टॉपच्या खाली उघडला. हा धोका खरा आहे आणि तो अहवालात दिसलाच पाहिजे. दुसरे म्हणजे स्टॉप वेळेवर लागू झाला नाही. `List of trades` मध्ये त्या सौद्याची ओळ दाबली की तक्ता त्या तारखेवर जातो. खरेदीच्या दिवसाच्या कॅन्डलचा खालचा शेंडा स्टॉपच्या पुष्कळ खाली आणि विक्री मात्र दुसऱ्या दिवशी, असे दिसले की चोर सापडला.

यादीत प्रत्येक सौद्यासमोर तो चालू असताना जास्तीत जास्त किती फायद्यात आणि किती तोट्यात गेला होता तेही असते. त्या रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी स्टॉपच्या पलीकडे गेलेले सौदे उठून दिसतात. शेवटी नफ्यात सुटलेले सौदेही यात सापडतात, आणि ते अधिक फसवे असतात, कारण मोठ्या तोट्यांच्या यादीत ते येतच नाहीत.

एवढी झाडाझडती झाली की मग नफ्याचे आकडे. मांडणीसाठी एक अहवाल कल्पू. दहा वर्षांत ४० सौदे झाले. त्यांत १७ नफ्यात, सरासरी नफा १०,००० रुपये. २३ तोट्यात, सरासरी तोटा ६,२५० रुपये. खर्च यात धरलेले आहेत. एकूण नफा १,७०,०००, एकूण तोटा १,४३,७५०, हाती उरले २६,२५०. नफ्याला तोट्याने भागले की १.१८ येतात. अहवालात याला `Profit factor` म्हणतात. एकाच्या वर म्हणजे हिरवा रंग, आणि हिरवा रंग पाहून माणूस खूश होतो.

जिंकण्याचे प्रमाण साडेबेचाळीस टक्के आहे. निम्म्याहून जास्त वेळा हरूनही स्ट्रॅटेजी नफ्यात कशी, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, पण त्यात गूढ काही नाही. दर विजयात दहा हजार आणि दर पराभवात सव्वासहा हजार, तर ना नफा ना तोटा होण्यासाठी ६,२५० भागिले १६,२५० म्हणजे साडेअडतीस टक्के वेळा जिंकणे पुरते. जिंकण्याची टक्केवारी एकटी वाचू नये, ती सरासरी नफा-तोट्याच्या गुणोत्तराजवळ ठेवूनच वाचावी. टार्गेट जवळ आणि स्टॉप लांब ठेवून कुणीही ऐंशी टक्के विजय दाखवू शकतो. त्याचे काही कौतुक नाही.

साडेबेचाळीस आणि साडेअडतीस यांच्यात अंतर मात्र किती आहे पाहा. चाळीस सौद्यांत ते दोन सौद्यांहूनही कमी भरते. सतरापैकी फक्त दोन विजय पराभवात बदलले, तर १५ विजयांचे दीड लाख आणि २५ पराभवांचे १,५६,२५० होतात, आणि स्ट्रॅटेजी ६,२५० रुपयांनी तोट्यात जाते. दहा वर्षांत दोन दिवस जरा वेगळे गेले असते तर निष्कर्ष उलटला असता. चाळीस सौद्यांच्या अहवालावर ‘ही स्ट्रॅटेजी चालते’ असे म्हणणे हे फार मोठे विधान आहे. ‘ही चालत नाही असे अजून सिद्ध झालेले नाही’, इतपत म्हणता येईल. मघाची चुकीची ओळ या हिशेबात घातली तर ४ जूनच्या एकाच सौद्याने किमान पंधरा हजार रुपये जास्त जातात, म्हणजे दहा वर्षांच्या निव्वळ नफ्याचा अर्ध्याहून मोठा भाग.

घसरण वाचतानाही एक सापळा आहे. भांडवलाच्या शिखरापासून तळापर्यंत सर्वांत मोठी घट किती, हे `Max equity drawdown` सांगते. समजा ती ४५,००० रुपये आहे. दहा लाखांवर साडेचार टक्के, म्हणजे झोप उडण्यासारखे काही नाही. पण दहा लाख हा आकडा आला कुठून? तो लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने घोषणेत टाकला होता. खऱ्या खात्यात दोनच लाख असतील तर तीच घसरण साडेबावीस टक्क्यांची आहे, आणि साडेबावीस टक्के गेल्यावर नियम शांतपणे पाळत राहणारी माणसे थोडी असतात. अहवालातली निव्वळ नफ्याची आणि घसरणीची टक्केवारी त्या एका आकड्यावर अवलंबून असते, म्हणून तिथे आपले खरे भांडवल लिहावे. लिहिल्यावर एखाद्या वेळी सौदेच नाहीसे होतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सहाव्या आवृत्तीत `margin_long` डीफॉल्टने १०० असतो, म्हणजे पूर्ण रक्कम जवळ हवी. २३,००० च्या निफ्टीचे २५ नग म्हणजे पावणेसहा लाख, ते दोन लाखांत बसत नाहीत. फ्युचरसाठी ही टक्केवारी ब्रोकरच्या मार्जिनप्रमाणे खाली आणावी लागते.

‘नुसते घेऊन ठेवले असते तर’ हा रकानाही अहवालात असतो, आणि तो कुणी आवडीने पाहत नाही. २०१४ संपताना निफ्टी ८,२८२ वर होता आणि २०२४ संपताना २३,६४४ वर. वाढ सुमारे १८५ टक्के, लाभांश वेगळाच. त्याच्यासमोर कल्पित अहवालातले २६,२५० रुपये, दहा लाखांवर अडीच टक्क्यांच्या जरा वर. तुलना थोडी अन्यायाची आहे हे खरे, कारण स्ट्रॅटेजीने दहा लाखांपैकी लहानसा भागच वापरला आणि बराच काळ ती बाजाराबाहेर होती. पण अन्याय दूर करायचा तर दोन्हीकडे सारखाच पैसा लावून पाहावे. रकाना लपवणे हा मार्ग नव्हे.

ठरावीक २५ नगांमुळे आणखी एक वाकडेपणा येतो. निर्देशांक आठ हजारांवर असताना दुप्पट एटीआर म्हणजे जेमतेम दोनशे अंक. तेवीस हजारांवर तो पाचशे. त्यामुळे दहा वर्षांच्या बेरजेत अलीकडच्या वर्षांचा आवाज जुन्या वर्षांच्या दुपटीहून मोठा निघतो. भांडवलाची वक्ररेषा पहिली काही वर्षे सपाट आणि मग एकदम खडबडीत दिसते, त्याचे कारण स्ट्रॅटेजी सुधारली किंवा बिघडली असे नसून भाव मोठा झाला इतकेच असते. नग ठरावीक न ठेवता दर सौद्यातला धोका ठरावीक रुपयांचा ठेवला तर वर्षा-वर्षांची तुलना नीट होते.

आणि निफ्टी थेट विकत घेता येत नाही. निर्देशांकाच्या तक्त्यावर केलेली चाचणी फ्युचरवर हलवायची तर `NIFTY1!` हा सलग जोडलेला तक्ता वापरतात. तिथे एक महिना संपून दुसरा सुरू होतो तेव्हा दोन करारांच्या भावातला फरक तक्त्यावर उडीसारखा दिसतो, आणि नकली ब्रोकर तो नफा किंवा तोटा म्हणून नोंदवतो. प्रत्यक्षात जुना करार विकून नवा घेताना असा नफा कुणाला मिळत नाही, उलट दोन वेळचा खर्च लागतो. तक्त्याखालचे `B-ADJ` हे बटण जुने भाव जुळवून घेते आणि उडी काढून टाकते, पण करार बदलण्याचा खर्च त्यातूनही दिसत नाही.

एक अंकाची घसरण पुरेशी आहे का? शांत दिवशी निफ्टीच्या एका लॉटला असेल. ४ जूनसारख्या दिवशी, भाव मिनिटामिनिटाला शेकडो अंकांनी हलत असताना, २२,७६४ चा स्टॉप २२,७६३ लाच पूर्ण झाला असता असे कोणताही अनुभवी ब्रोकर छातीठोकपणे सांगणार नाही. सगळ्याच दिवसांना तोच एक आकडा लावण्यापलीकडे पाइनला इथे काही करता येत नाही. म्हणून `slippage` २० ऐवजी ६० आणि मग १०० करून तीच चाचणी पुन्हा चालवतात आणि निव्वळ नफा किती उरतो ते पाहतात. दर बाजूला पाच अंक गेले तर लॉटमागे येता-जाता अडीचशे रुपये, चाळीस सौद्यांचे दहा हजार. आधी एक अंक धरलेलाच होता, तो वजा केला तरी आठ हजारांची नवी कात्री लागते. टार्गेटच्या मर्यादित भावाच्या आदेशांना घसरण लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येतो.

शेवटची तपासणी वीस या आकड्याची. तो `input.int` मध्ये टाकला की सेटिंगमधून १८, १९, २१, २२ असे बदलून पाहता येते. शेजारचे आकडे जवळपास सारखेच निकाल देत असतील तर नियमात काहीतरी तथ्य असावे. विसाला नफा आणि एकोणीस-एकवीसला तोटा निघत असेल, तर तो नफा बहुधा दोन-तीन विशिष्ट तारखांचा आहे, आणि त्या तारखा सौद्यांच्या यादीत नावानिशी सापडतात.